हप्ता कमाईप्रमाणे, घर निम्मे-निम्मे

नवरा-बायको दोघेही कमावतात अशा घरांत गृहकर्जाची वाटणी बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेली असते. हप्ता त्याच्या खात्यातून जाईल, घरखर्च ती बघेल. ऐकायला ही वाटणी सोयीची आणि न्याय्यही वाटते, कारण दोघांच्याही खिशाला चाट बसते आणि महिन्याच्या शेवटी कुणी कुणाला पैसे मागत नाही. पण पंधरा-वीस वर्षांनी कागद काढून बसले, तर त्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये घर दिसते आणि तिच्या स्टेटमेंटमध्ये किराणा, शाळेची फी, गॅस आणि कामवाल्या बाईंचा पगार. किराणा खाऊन संपलेला असतो. घराची किंमत मात्र दुप्पट झालेली असते.

म्हणून माझे म्हणणे दोन भागांत आहे आणि ते भाग एकमेकांपासून तोडता येत नाहीत. एक, संयुक्त कर्जाचा हप्ता नवरा-बायकोने आपापल्या कमाईच्या प्रमाणात उचलावा. दोन, घराची मालकी मात्र त्या प्रमाणात न ठेवता निम्मी-निम्मी ठेवावी आणि ती कागदावर लिहावी. पहिल्या भागाला आजकाल बरेच जण मान डोलावतात. दुसऱ्यावर वाद होतो, आणि माझ्या मते तो भाग सोडला तर पहिला भाग उपकारक राहण्याऐवजी कमी कमावणाऱ्याच्या गळ्याशी येतो.

हिशोबासाठी एक कल्पित जोडपे घेऊ. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला ७५ लाखांचा फ्लॅट. १५ लाख जमवून भरले, ६० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता बसतो ५२,०६९ रुपये. त्याच्या हातात महिन्याला ९६ हजार येतात, तिच्या हातात ५४ हजार. कर्जाच्या अर्जावर दोघांच्या सह्या आहेत, कारण एकट्याच्या पगारावर बँक ६० लाखांना तयार नव्हती. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिचा पगार मोजला गेला म्हणून हे घर झाले.

आता निम्मे-निम्मे केले तर प्रत्येकी २६,०३५ रुपये. त्याच्या पगाराचा हा २७ टक्के भाग, तिच्या पगाराचा ४८ टक्के. त्याच्याकडे जवळपास ७० हजार उरतात, तिच्याकडे २८ हजारांपेक्षा थोडे कमी. आकडा सारखा, ओझे दुपटीच्या जवळ. तरीही काही मुली हाच मार्ग निवडतात, आणि त्यामागची भावना मी समजू शकतो: मला सवलत नको, मी माझे निम्मे देईन. पण ज्या बाजारात दोघांचे पगार ठरले तो काही दोघांनी मिळून ठरवला नव्हता, आणि तिच्या बाकीच्या २८ हजारांतून पुन्हा घरखर्चाचे निम्मेही निघायचे असते. मग तिच्या नावावर बचत राहत नाही, एसआयपी बंद पडते, आणि काही वर्षांनी घरात एका माणसाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे फक्त स्वाभिमान, असे चित्र तयार होते.

कमाईच्या प्रमाणात वाटले तर प्रमाण येते ६४ आणि ३६. तो ३३,३२४ देईल, ती १८,७४५. दोघांच्याही पगाराचा साधारण ३५ टक्के भाग हप्त्यात जातो. याहून पुढे जाणारा एक युक्तिवाद आहे. प्रत्येकाला जगायला लागणारी किमान रक्कम, समजा २० हजार, आधी बाजूला काढावी आणि उरलेल्यावर प्रमाण लावावे. तसे केले तर ७६ हजार आणि ३४ हजार उरतात, आणि हप्ता होतो ३५,९७५ आणि १६,०९४. तात्त्विकदृष्ट्या हे अधिक न्याय्य आहे असे मलाही वाटते. पण किमान रक्कम किती यावरून दर दिवाळीला भांडण होईल. ज्या घरात कमाईतली दरी फार मोठी आहे, म्हणजे एकाचे दीड लाख आणि दुसऱ्याचे २५ हजार, तिथे ते भांडण करण्यासारखे आहे. आपल्या जोडप्यासाठी साधे प्रमाण पुरेसे आहे.

प्रमाण कशावर काढायचे, हेही सांगायला हवे, कारण चलाखीला वाव इथेच असतो. आयकर आणि सक्तीचा पीएफ वजा जाऊन जे हातात येते ते धरावे. स्वेच्छेने वाढवलेला पीएफ, आधीच्या गाडीचा हप्ता, स्वतःच्या नावाची गुंतवणूक, हे वजा करू नये. ते खर्च निवडलेले असतात. नाहीतर ज्याने स्वतःसाठी जास्त साठवले त्याचे उत्पन्न कमी दिसते आणि त्याचा हप्ताही कमी होतो. व्यवसाय करणाऱ्याच्या बाबतीत मागच्या तीन वर्षांच्या विवरणपत्रांची सरासरी घेणे बरे, कारण एखाद्या चांगल्या किंवा वाईट हंगामावर वीस वर्षांचे प्रमाण ठरवता येत नाही.

आता सुरुवातीच्या त्या वाटणीकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. या घराचा महिन्याचा खर्च ४५ हजार आहे असे धरू. हप्ता त्याचा आणि घरखर्च तिचा, असे केले तर तो ५२,०६९ देतो आणि त्याच्याकडे सुमारे ४४ हजार उरतात. ती ४५ हजार देते आणि तिच्याकडे ९ हजार उरतात. एकूण ९७,०६९ रुपयांच्या खर्चातला ४६ टक्के भाग ती उचलते, तिची कमाई मात्र एकूण कमाईच्या ३६ टक्के आहे. म्हणजे जास्त ओझे तिच्यावर, आणि घराच्या कर्जात तिचा एकही रुपया दिसत नाही. हीच रक्कम ६४ आणि ३६ मध्ये वाटली तर तो ६२,१२४ देईल आणि त्याच्याकडे ३३,८७६ राहतील. ती ३४,९४५ देईल आणि तिच्याकडे १९,०५५ राहतील. म्हणून फक्त हप्त्याचे प्रमाण ठरवून भागत नाही. हप्ता आणि घरखर्च एका थैलीत घालून मग प्रमाण लावावे लागते. एकट्या हप्त्याचे प्रमाण अगदी गणिती अचूकतेने काढायचे आणि बाकीचा खर्च "जो असेल तो देईल" वर सोडायचा, यात न्याय दाखवण्यापुरता उरतो.

याची व्यवहारातली पद्धत सोपी आहे. एक तिसरे, संयुक्त खाते उघडायचे. पगार झाला की दुसऱ्या दिवशी दोघांच्या खात्यांतून ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला द्यायची. हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी, म्हणजे नाच मँडेट, त्याच खात्यावर ठेवायची, आणि किराणा, वीज, सोसायटीचा मेन्टेनन्सही तिथूनच भरायचा. बँकेला मँडेट एकाच खात्याचे लागते. खाते संयुक्त असले म्हणजे झाले. मग स्टेटमेंटमध्ये दोघांचेही पैसे घरात गेलेले दिसतात. यात काय मोठे, असे वाटेल. पण कायद्याच्या दृष्टीने यात बरेच काही आहे.

कर्जाच्या बाबतीत बँकेला ६४ आणि ३६ हे काही माहीत नसते आणि माहीत करून घ्यायचेही नसते. दोघेही पूर्ण ६० लाखांना जबाबदार. एकाने आपला वाटा दिला नाही आणि हप्ता परत गेला, तर दंड खात्याला लागतो आणि डाग दोघांच्याही सिबिल अहवालावर पडतो, कारण पूर्ण कर्ज दोघांच्याही नावावर दिसत असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार बँक दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळे पैसे मागू शकते. त्याच कलमात पुढे आहे की, ज्याने भरले तो दुसऱ्याकडून समान वाटा मागू शकतो, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. म्हणजे कायदा गृहीत धरतो ते निम्मे-निम्मे. तुम्ही दहा वर्षे ६४ आणि ३६ ने भरत असाल, पण ते कुठे लिहिलेले नसेल, तर उद्या वाद झाल्यावर "आमचे असे ठरले होते" हे सिद्ध करण्याची जबाबदारी कमी कमावणाऱ्यावर येते.

मालकीचे उलटे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ४५ सांगते की, दोघांनी मोबदला देऊन मिळून मालमत्ता घेतली आणि हिस्सा करारात ठरवलेला नसला, तर पैसा सामाईक निधीतून गेला असल्यास निधीत ज्याचा जितका हिस्सा तितकाच मालमत्तेत. वेगवेगळ्या पैशांतून गेला असल्यास ज्याने जितका दिला त्या प्रमाणात. आणि पुरावाच नसेल तर दोघांचा समान. आता दोन्ही कलमे शेजारी ठेवून पाहा. देणे फेडताना कायदा समानतेकडे झुकतो, आणि हिस्सा मोजताना दिलेल्या पैशाकडे. कमी कमावणाऱ्याला ही दोन्ही गृहीतके एकाच वेळी महाग पडू शकतात: कर्जात निम्मी जबाबदारी आणि घरात एक तृतीयांश हक्क. "हप्ता त्याचा, घरखर्च तिचा" या वाटणीत तर तेवढाही नाही. नवरा-बायकोच्या वादात न्यायालय इतर परिस्थितीही पाहते, निकाल फक्त स्टेटमेंटवर लागतो असे नाही; पण परिस्थिती सिद्ध करायला वर्षे जातात आणि वकिलाची फी दोघांनाही सारखीच लागते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. जास्त कमावणारा म्हणेल, मी ६४ टक्के भरतो आणि घर निम्मे का? मला हा प्रश्न स्वार्थी वाटत नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवे, आणि ते उत्तर "प्रेमात हिशोब नसतो" असे असू नये. हिशोब तर आपण आत्ताच दशांशापर्यंत केला.

पहिले उत्तर घराच्या आत काय चालते त्यात आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात असे दिसले. पुरुष ८८ मिनिटे. फरक दिवसाला तीन तासांहून अधिक. त्याचा ९६ हजारांचा पगार ज्या नोकरीतून येतो त्या नोकरीत उशिरापर्यंत थांबणे, बदलीवर जाणे, प्रकल्पासाठी सहा महिने परदेशी राहणे हे सगळे शक्य होते कारण कुणीतरी घरी साडेसहाला पोचते. तिच्या ५४ हजारांत त्या वेळेची वजाबाकी आधीच झालेली आहे. हीच वजाबाकी मालकीत दुसऱ्यांदा करायची का, इतकाच प्रश्न आहे. ज्या घरात हे उलटे असेल, नवरा कमी कमावतो आणि मुलांचे तोच बघतो, तिथेही उत्तर तेच आहे.

दुसरे उत्तर गणिताचे आहे आणि ते मला अधिक पटते, कारण ते कुणाच्या स्वभावावर अवलंबून नाही. मालकी हप्त्याच्या प्रमाणात ठेवायची म्हटले की लगेच प्रश्न येतो, हप्त्याच्या कोणत्या भागाच्या? पहिल्या महिन्याच्या ५२,०६९ रुपयांतले ४२,५०० व्याज आहे आणि मुद्दल फक्त ९,५६९. पहिल्या पाच वर्षांत दोघे मिळून ३१ लाख २४ हजार भरतात, आणि कर्ज उतरते सुमारे सात लाख बारा हजारांनी. समजा ती पाच वर्षे आपला वाटा नियमित भरते, एकूण ११ लाख २५ हजारांच्या आसपास, आणि मग मुलासाठी नोकरी सोडते. मुद्दल धरून मोजले तर या पाच वर्षांत तिने घराचे अवघे अडीच लाख "विकत घेतले". बाकीचे पावणेनऊ लाख व्याजात गेले. सोळाव्या वर्षी कुणी तेवढेच पैसे भरले असते तर त्यातले बरेचसे मुद्दलात गेले असते. पण सुरुवातीचे व्याज भरले गेले नसते तर सोळावे वर्ष आलेच नसते. फ्लॅट केव्हाच लिलावात निघाला असता. आणि व्याजासह एकूण भरलेल्या रकमेवर हिस्सा ठरवायचा तर मुदतपूर्व भरणा करणाऱ्याचे नुकसान होते, कारण तो कमी रुपयांत जास्त कर्ज संपवतो. दोन्ही मोजमापे चुकीची आहेत असे मी म्हणत नाही. दोन्ही मनमानी आहेत, आणि मनमानी मोजमापावर वीस वर्षांनी एका माणसाचे छप्पर ठरवणे बरे नाही.

आणि नोकरीतल्या खंडाचा मुद्दा तर उघड आहे. पगारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची. त्यानंतर अनेकींना वर्ष-दोन वर्षे घरी राहावे लागते. त्या काळात कमाईचे प्रमाण १०० आणि शून्य होते. हप्त्यासाठी हे बरोबरच आहे, शून्यातून काय देणार? पण मालकी त्याला बांधली असेल, तर दोघांच्या मुलाला वाढवण्याची किंमत एकटीच्या हिश्शातून कापली जाते.

इथे व्यवहाराची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण प्रमाणाचा पुरस्कार करणारे ती विसरतात. तिचा पगार थांबला तर त्याचे ९६ हजार आणि हप्त्यासह घराचा खर्च ९७,०६९. महिन्याला हजार रुपयांची तूट, आणि नव्या बाळाचा खर्च अजून धरलेलाच नाही. म्हणजे १०० आणि शून्य हे प्रमाण कागदावर लिहिता येते, पण पाळता येत नाही. त्यासाठी संयुक्त खात्यात आधीपासून गंगाजळी लागते. सहा हप्ते म्हणजे तीन लाख बारा हजार. तीही ६४ आणि ३६ नेच जमवावी, आणि मुदतपूर्व भरण्याचा मोह होण्याआधी जमवावी. बोनस आला की तो कर्जात टाकायचा आणि सहा महिन्यांनी नोकरी गेली की हप्त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढायचे, हे हिंजवडी आणि खराडीच्या परिसरात नवे राहिलेले नाही.

मालकी आणि देणे वेगळे ठेवणे हे काही कुणाच्या डोक्यातून निघालेले नवे तत्त्व नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही चालू आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. हप्ता कुणाच्या खात्यातून गेला याने हिस्सा बदलत नाही. उरलेल्या बहुतेक देशात, महाराष्ट्रातही, लग्नाने मालमत्ता सामाईक होत नाही. ज्याचे नाव त्याचे घर. त्यामुळे गोव्यातल्या जोडप्याला जे कायद्याने आपोआप मिळते ते सावंतवाडीतल्या जोडप्याला स्वतः लिहून घ्यावे लागते.

अर्थात हे सगळे सामाईक संसाराला लागू आहे. दोन भावांनी मिळून ठाण्यात फ्लॅट घेतला आणि एकाची कमाई दुसऱ्याच्या तिप्पट आहे, म्हणून त्याने तिप्पट हप्ता भरून निम्मे घर घ्यावे, असे मी अजिबात म्हणणार नाही. भावांची थैली वेगळी असते, उद्या दोघांचे संसार वेगळे होणार असतात, आणि एकाच्या पगारवाढीत दुसऱ्याच्या घरकामाचा वाटा नसतो. तिथे उलटा क्रम हवा: आधी हिस्सा ठरवा, मग हप्ता त्या हिश्शाप्रमाणे. बाप-लेकाच्या संयुक्त कर्जातही तेच, शिवाय तिथे बाप निवृत्त झाल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. कमाईचे प्रमाण हा सार्वत्रिक न्यायाचा नियम नाही. खर्च सामाईक असेल तरच तो न्याय्य ठरतो.

या नियमातही एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हप्ता ठरलेला असल्यामुळे कमी कमावणाऱ्याची पगारवाढ त्याला जास्त महाग पडते. नवऱ्याचा पगार दहा हजारांनी वाढला तर त्याचा वाटा ३४,४९६ होतो, म्हणजे वाढ ११७२ रुपयांची. तिचा पगार तितकाच वाढला तर तिचा वाटा २०,८२८ होतो. वाढ २०८३ रुपयांची. तिच्या कष्टाचा जास्त फायदा त्याच्या खिशात जातो. म्हणून प्रत्येक पगारवाढीला प्रमाण बदलू नये. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये विवरणपत्राची कागदपत्रे जमवतानाच, नवे प्रमाण ठरवावे आणि ते वर्षभर तसेच ठेवावे. मधे नोकरी गेली किंवा दीर्घ रजा घ्यावी लागली तरच अपवाद.

आयकराचे सल्लागार अनेकदा प्रमाण त्यांच्या सोयीने ठरवायला सांगतात. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येक सहमालकाला वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. आपल्या जोडप्याचे पहिल्या वर्षीचे व्याज पाच लाखांच्या थोडे वर आहे. निम्मे केले तर दोघांचे मिळून चार लाख पूर्ण वापरले जातात. ६४ आणि ३६ केले तर तिचा वाटा एक लाख ८२ हजारांवर थांबतो आणि १८ हजारांची वजावट सुटते. एवढ्यासाठी प्रमाण मोडू नये. शिवाय नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, त्यामुळे ती पद्धत घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न उरत नाही.

करापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव कुठे आहे. सहकर्जदार असणे आणि सहमालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँका साधारणपणे सहमालकाला कर्जात घ्यायचा आग्रह धरतात, पण सहकर्जदाराला मालकीत घ्या असे सांगत नाहीत. त्यामुळे कर्जावर तिची सही आहे आणि करारनाम्यात फक्त त्याचे नाव, अशी घरे सर्रास सापडतात. ती वीस वर्षे जबाबदार, मालक मात्र नाही. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदणीनंतर मिळणारे इंडेक्स टू काढून त्यात दोघांची नावे आहेत की नाही हे कर्जाच्या सहीआधी बघायला पाच मिनिटे लागतात. नोंदणी करताना करारनाम्यातच "दोघांचा समान अविभक्त हिस्सा" असे एक वाक्य घालायला सांगावे. बिल्डरचा वकील कुरकुर करेल, त्याचा नमुना ठरलेला असतो, पण ते वाक्य घालण्यात त्याचे काही जात नाही.

मग दोघांमध्ये एक साधा लेखी करार, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, ज्यात चार गोष्टी असाव्यात: हप्ता आणि घरखर्च कोणत्या प्रमाणात, प्रमाण केव्हा बदलणार, एकाची कमाई थांबली तर काय, आणि सुरुवातीचे १५ लाख कुणी आणले. शेवटचा मुद्दा जास्त कमावणाऱ्याच्या त्या आक्षेपाचा खरा मान राखतो. त्यातले दहा लाख त्याच्या वडिलांनी गावची जमीन विकून दिले असतील, किंवा तिने लग्नाआधी साठवलेले असतील, तर घर विकले गेल्यास ते दहा लाख आधी आणणाऱ्याला परत आणि उरलेले निम्मे-निम्मे, असे लिहावे. बाहेरून आलेली रक्कम वेगळी काढता येते. संसारात मिळून कमावलेली काढता येत नाही.

ज्यांचे घर आधीच एकाच्या नावावर आहे त्यांना उशीर झालेला नाही. महाराष्ट्रात राहते घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागू शकतो. निम्मा हिस्सा असा देता येतो. कर्ज चालू असेपर्यंत घर बँकेकडे गहाण असते, म्हणून आधी बँकेची लेखी संमती घ्यावी लागते. ती मिळायला वेळ लागतो आणि शाखेत दोन-तीनदा जावे लागते. संमती आल्यावर बक्षीसपत्र नोंदवावे, नवे इंडेक्स टू घ्यावे आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दुसरे नाव चढवून घ्यावे.